कोपऱ्यातल्या खोलीचे सात टेकू

ठेकेदाराने बावीस वर्षांत दीडशेच्या आसपास स्लॅब टाकले होते आणि पत्र एकही लिहिलं नव्हतं. त्याचा सगळा कारभार तोंडी. घरमालकाचा फोन आला की "वाटेतच आहे", काम अडलं की "उद्या सकाळी पहिलं तुमचंच", आणि काहीच सुचलं नाही की पाऊस. पावसाचं एक बरं असतं. त्याच्यावर काहीही ढकला, तो उलट बोलायला येत नाही.

यावेळी मात्र घरमालकीण होती सिस्टर. मोठ्या हॉस्पिटलात तिने तेवीस वर्षं वॉर्ड सांभाळला होता. तिथे सलाइन किती वाजता लावलं, कोणी लावलं, पेशंट किती वाजता ओरडला, हे सगळं कागदावर. जे कागदावर नाही ते झालंच नाही, अशी तिची शिस्त. शनिवारी सकाळी तिने ठेकेदाराला फोन केला आणि आवाज न चढवता म्हणाली, "स्लॅब गुरुवारी व्हायचा होता. मी रजा टाकून उन्हात छत्री घेऊन उभं राहायची तयारी केली होती. आज शनिवार. मला लेखी पाहिजे, काय झालं आणि तुम्ही काय केलंत. पत्र मिळाल्याशिवाय माझ्या घरावर काँक्रीट पडणार नाही."

"लेखी कशाला सिस्टर, मी समोर येऊन सांगतो की."

"समोर येऊन सांगितलेलं मला उद्या वाचता येत नाही."

आणि फोन ठेवायच्या आधी तिने सहज बोलल्यासारखं सांगितलं, की तिच्या भावाने दुसरा एक ठेकेदार बघून ठेवलाय, तो मंगळवारी येऊन काम पाहील.

हे मात्र ठेकेदाराला झोंबलं. त्या वसाहतीत अजून सहा प्लॉट रिकामे होते. सहांपैकी चार मालक सिस्टरच्या हॉस्पिटलातलेच. दुसऱ्या ठेकेदाराने येऊन मान हलवली, की हे घर हातचं जाणार आणि मागोमाग ते चारही. माणसाची पत जायला त्या धंद्यात चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागतो.

घराच्या पुढच्या खोलीत त्याचं ऑफिस होतं. भिंतीला टाइल्सचे नमुने, टेबलावर सळयांचे तुकडे, खुर्चीखाली हेल्मेट. तिथे त्याने बायकोला वही-पेन घेऊन बसवलं. तिचं अक्षर चांगलं होतं, त्याचं बघून सळई वाकवणाऱ्यालाही वाईट वाटलं असतं.

"लिही. महोदया. गुरुवारी पहाटे अचानक आलेल्या अवेळी मुसळधार पावसामुळे स्लॅबचे काम नाइलाजाने पुढे ढकलावे लागले. निसर्गापुढे कोणाचेही काही चालत नाही."

"अहो, निसर्ग कशाला? तिने पावसाची तक्रार नाही केलेली."

"लिही गं तू."

तिने लिहिलं. पुढे त्याने सांगितलं की सर्व आवश्यक ती काळजी घेण्यात आलेली आहे. कोणती काळजी, ते सांगितलं नाही. शेवटी आपला विश्वासू. अर्ध्या पानात पत्र संपलं. बायकोने वाचून दाखवलं आणि म्हणाली, "यात गुरुवार आहे, पाऊस आहे, निसर्ग आहे. तुम्ही कुठेच नाही."

"मी खाली सही करणारे ना!"

आता गुरुवारी झालं होतं काय, तेही सांगून टाकलं पाहिजे.

पाऊस खरंच आला होता. पहाटे पाचला सुरू झाला, साडेआठला थांबला. मिक्सर उभा, व्हायब्रेटर उभा, चोवीस मजूर एका ताडपत्रीखाली दाटीने उभे. ठेकेदाराने सात वाजता काम रद्द केलं आणि तो निर्णय चुकीचा नव्हता. ओतताना काँक्रीटवर धो धो पाणी पडलं तर सिमेंट धुऊन जातं, वर नुसती खडी उघडी राहते. यात कुणालाही कमीपणा नाही. त्या दिवशी कोणीही स्लॅब टाकला नसता.

साडेआठनंतर ठेकेदार वर चढला. बीमच्या पेटीत वीतभर पाणी साचलं होतं. मजूर ते डब्यांनी उपसत होते. तेवढ्यात खालून स्लॅबचा साचा उभारणाऱ्या शटरिंगच्या मिस्त्रीची हाक आली. या मिस्त्रीला सगळे ओळंबा म्हणत, कारण तो तितकाच बारीक, तितकाच सरळ, आणि बोलायचं नसेल तेव्हा तितकाच गप्प.

"शेठ, खाली या."

"वर पाणी आहे, दिसत नाही?"

"खालचं बघा आधी."

कोपऱ्यातली खोली. बाहेरच्या दाराच्या चौकटीतून पाण्याचा लोंढा सरळ आत आला होता. आत अजून फरशी नव्हती, नुसता मातीचा भराव. कोरडा होता तेव्हा त्यावर पाय आपटला तर टाच दुखायची. आता त्यात टाच जात होती. या खोलीत वरचं लाकडी-लोखंडी सगळं ओझं पंधरा टेकूंवर होतं. आठ टेकू जागच्या जागी होते, कारण त्यांच्या बुडाखाली रुंद फळ्या होत्या. दाराकडचे सात नुसत्या मातीवर उभे होते. त्यांचे तळहाताएवढे लोखंडी पाय चिखलात रुतले होते. त्यांच्यावरची साच्याची लोखंडी प्लेटही त्यांच्याबरोबर खाली आली होती.

ओळंब्याने पाण्याची नळी धरून कॉलमवरच्या खुणेपासून लेव्हल घेतली. बावीस मिलिमीटर. जवळजवळ एक इंच कोपरा बसला होता, आणि वर अजून काँक्रीटचं घमेलंसुद्धा पडलं नव्हतं. नुसत्या सळया, प्लेटा आणि पाणी.

दोघांच्याही डोक्यात बुधवारची संध्याकाळ होती.

बुधवारी संध्याकाळी ठेकेदारानेच सांगितलं होतं, "त्या सातांखालच्या फळ्या काढ. वर सळयांवरून चालायच्या वाटेला फळ्या कमी पडतायत. उद्या चोवीस माणसं सळया तुडवतील." ओळंबा म्हणाला होता, "शेठ, भराव आहे हा." ठेकेदार म्हणाला होता, "दगडासारखा झालाय. आकाशात ढग आहे का एक तरी?" ढग नव्हता. ओळंब्याने टेकूंचे स्क्रू सैल केले, फळ्या ओढल्या, स्क्रू पुन्हा आवळले. दहा मिनिटांचं काम. असल्या दहा मिनिटांतच माणसं आयुष्यभराची कमाई घालवतात, आणि ती घालवताना त्यांना आपण हुशारी करतोय असं वाटत असतं.

मग पुढचे दोन दिवस त्या खोलीत काम चाललं. चिखल खणून काढला, खडी भरली, ती ठोकून बसवली, फळ्या परत घातल्या, टेकू एकेक करून वर घेतले. काम नीट झालं. फक्त त्याबद्दल कुणाला सांगायचं नाही, असं ठेकेदाराने मनाशी ठरवून टाकलं. पाऊस होताच की सांगायला.

रविवारी पत्र पोचलं. सोमवारी सकाळी सिस्टर ड्यूटीवर जायच्या आधी साइटवर आली. पांढरे बूट तिने चिखलातून जपून ठेवत ठेवत आणले. हातात पत्र, चार घड्या घातलेलं.

"पाऊस गुरुवारी साडेआठला थांबला," ती म्हणाली. "मी समोरच्या घरमालकांना विचारलं. शुक्रवारी ऊन. शनिवारी ऊन. रविवारी माझी गादी गच्चीत वाळली. तुमचं पत्र म्हणतं पाऊस. कुठला पाऊस?"

"सिस्टर, ओलावा उतरायला वेळ लागतो. बीममध्ये पाणी होतं, वाळू ओली..."

"कुठे लिहिलंय हे?"

"सर्व आवश्यक ती काळजी..."

"आमच्याकडे असं लिहिणाऱ्या पोरींना मी परत लिहायला बसवते." तिने कागद उघडला, मिटला. "काळजी म्हणजे काय? औषधाचं नाव असतं, वेळ असते."

ती सरळ आत गेली. एकेका खोलीत उभी राहून खाली बघत, वर बघत. कोपऱ्यातल्या खोलीत थांबली. ही खोली तिच्या आईची होणार होती. आईचे गुडघे गेलेले, म्हणून तळमजला, म्हणून बाहेरच्या दाराजवळ.

"बाकी सगळीकडे माती आहे," सिस्टर म्हणाली. "इथेच नवी खडी का?"

ठेकेदाराला वाटलं, बाई पेशंटच्या अंगावरचा वळ बघावा तशी बघते. वर शिडीवर ओळंबा प्लेटांच्या फटी चिकटपट्टीने बंद करत होता. ठेकेदाराला तो दिसत होता. तरीही तोंडातून गेलंच.

"शटरिंगवाल्याने इथे फळ्या घातल्या नव्हत्या. पावसात टेकू थोडे बसले. मी लगेच बघितलं, दुरुस्त करून घेतलं. माझं लक्ष होतं म्हणून कळलं."

शिडीवरचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला.

"किती बसले?"

"थोडे. पाव इंच म्हणा."

"म्हणा?" सिस्टरने पेन काढलं. "मग हे लिहून द्या. कोणाची चूक, नावासकट. उद्या सकाळी माझ्या भावाचा ठेकेदार येतोय अकराला. तुमचं पत्र दहापर्यंत आलं तर त्याला यायची गरज आहे का, ते मी ठरवीन."

ती गेली. ठेकेदार शिडीखाली उभा राहिला. वर न बघताच म्हणाला, "तसं तुझ्यावर काही येणार नाही. कागदापुरतं."

ओळंबा खाली उतरला. चिकटपट्टीचं रीळ मनगटात अडकवलेलं. "लिहा ना शेठ. माझं नाव लिहा. पण त्याच्याखाली हेही लिहा, की तुम्ही सांगितलं आणि मी ऐकलं. ऐकलं, ती माझी चूक आहेच. मी खाली बसून राहायला हवं होतं, फळ्या धरून."

"आता तू मला शिकवणार?"

"मी कशाला शिकवू? एकवीस वर्षं तुमच्या बरोबर आहे. शिकायचं असतं तर एव्हाना शिकला असतात." एवढं बोलून तो पुन्हा शिडी चढला. वरून म्हणाला, "आणि पाव इंच नव्हता."

दुपारी ठेकेदार घरी आला तेव्हा जेवला नाही. पुन्हा बायकोला बसवलं. दुसरं पत्र सांगायला लागला. शटरिंग मिस्त्रीच्या निष्काळजीपणामुळे. इथवर आल्यावर पेन थांबलं.

"काय झालं?"

"फळ्या कोणी काढायला सांगितल्या?"

"तुला कोणी सांगितलं फळ्यांचं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? बुधवारी रात्री जेवताना तुम्हीच म्हणालात, वाटेला फळ्या कमी पडत होत्या पण मी जुगाड केला. मोठ्या ऐटीत म्हणालात. दोन पोळ्या जास्त खाल्ल्यात."

ठेकेदार टाइलच्या नमुन्याकडे बघत बसला. राखाडी, मॅट, घसरत नाही. मग म्हणाला, "खरं लिहिलं तर घर जाईल. आणि त्या चार प्लॉटवाल्यांना काय वाटेल?"

"आणि खोटं लिहिलं तर?"

"खोटं लिहिलं तर कदाचित राहील."

"मग लिहिते खोटं," बायको म्हणाली, आणि पेनाचं टोपण काढून तयार बसली. "पण ओळंबा उद्या कामावर नाही आला, तर टेकूंवर तुम्ही उभे राहा. त्याच्याशिवाय तुम्हाला ओळीत एक प्लेट लावता येत नाही. मला माहीतय, त्यालाही माहीतय."

ठेकेदार चिडला. खुर्ची मागे सारून उठला, बाहेर गेला, नळाखाली तोंड धुतलं, परत आला. एवढं सगळं करूनही खोटं आणि खरं दोन्ही तिथेच टेबलावर होती. माणसाला राग येतो तो बहुतेकदा अशाच वेळी, जेव्हा समोरचा खरं बोलत असतो.

"फाड ते," तो म्हणाला. "नवीन पान घे."

तिसरं पत्र लिहायला दीड तास लागला. ते असं होतं.

'महोदया,

गुरुवारी पहाटे पाच ते साडेआठ पाऊस झाला. ओतताना पाऊस पडल्यास सिमेंट वाहून जाते, म्हणून सात वाजता काम रद्द केले.

त्यानंतरचा उशीर पावसाचा नाही. कोपऱ्यातल्या खोलीत सात टेकूंखालच्या फळ्या बुधवारी संध्याकाळी काढल्या होत्या. काढायला मी सांगितले. मिस्त्रीने भराव आहे असे सांगितले होते, मी ऐकले नाही. दारातून पाणी आत आले, माती मऊ झाली आणि कोपरा बावीस मिलिमीटर बसला.

केलेले काम: चिखल फूटभर खणून काढला. खडी भरून ठोकली. त्यावर रुंद फळ्या, मग टेकू. पंधराही टेकूंची लेव्हल नळीने कॉलमच्या खुणेवरून घेतली, जास्तीत जास्त फरक दोन मिलिमीटर. दाराबाहेर चर खणून पाणी रस्त्याकडे वळवले. बाकीच्या खोल्यांतले टेकू तपासले, तिथे फळ्या होत्या आणि आहेत. बीमच्या तळाची एकेक फळी सोडून पाणी आणि गाळ काढला, फळ्या परत बसवल्या. सळयांखालचे ठोकळे सरकले होते, ते परत लावले. प्लेटांवरचे तेल थोडे धुऊन गेले आहे, पण आता पुन्हा लावत नाही, कारण सळयांना तेल लागले तर काँक्रीट त्यांना धरत नाही. त्यामुळे प्लेटा काढताना त्रास होईल, तो आमचा. सिमेंटच्या तळच्या थरातल्या नऊ गोण्या ओल्या होत्या, त्या बाजूला काढल्या, वापरणार नाही. वाळू ओली आहे म्हणून मिक्सरमध्ये पाणी तेवढे कमी घालू. ओतायच्या सकाळी इंजिनिअर येऊन बघून सही करतील, त्यानंतरच पहिले घमेले. ताडपत्र्या पूर्ण स्लॅबच्या मापाच्या आणून ठेवल्या आहेत. नंतर चौदा दिवस स्लॅबवर पाणी मारू.'

बायकोने वाचून दाखवलं. पत्रात तो पहिल्यांदा दिसत होता आणि बराच वाईट दिसत होता.

मंगळवारी साडेनऊला ठेकेदार साइटवर पोचला. ओळंबा आधीच आलेला, दाराबाहेरच्या चरातली माती साफ करत होता. ठेकेदाराने त्याच्या पुढे पत्र धरलं. ओळंब्याने हात पँटला पुसून ते घेतलं, सावकाश वाचलं, परत दिलं.

"नऊ नाही, अकरा गोण्या होत्या," एवढंच म्हणाला.

ठेकेदाराने पेन काढून नऊचे अकरा केले. शेजारी सही केली.

दहाला पाच मिनिटं असताना सिस्टर आली. तिने उभ्या उभ्या वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, बोट ओळीखाली ठेवून. वाचून झाल्यावर ती कोपऱ्यातल्या खोलीत गेली आणि टेकू मोजले. पंधरा. प्रत्येकाखालची फळी बुटाच्या टोकाने हलवून बघितली. एकही हलली नाही. ठेकेदार दारात उभा राहिला. आत जायची त्याला हिंमत झाली नाही.

"एक प्रश्न आहे," ती आतून म्हणाली. "पाऊस आला नसता तर?"

"म्हणजे?"

"गुरुवारी पाऊस आलाच नसता. सात वाजता तुम्ही काम सुरू केलं असतं. या खोलीवर काय झालं असतं?"

ठेकेदाराला उत्तर माहीत होतं. गुरुवार दुपारपासून माहीत होतं. त्याने ते बायकोलाही सांगितलं नव्हतं, ओळंब्याशीही बोलला नव्हता.

"या खोलीवर साडेतीन टनाच्या आसपास ओलं काँक्रीट पडतं," तो म्हणाला. "कोरडी माती कदाचित टिकली असती. पण काँक्रीटचं पाणी फटींतून खाली गळतं. दिवसभर गळतं. माती ओली झालीच असती. मग टेकू रुतले असते, वर माणसं असताना. खाली फटी बघायला हा असतो नेहमी." त्याने ओळंब्याकडे न बघता हात केला. "बसला असता कोपरा. नाहीतर पडला असता."

बाहेर एक टेम्पो शिटी वाजवत मागे येत होता.

"हे पत्रात नाही," सिस्टर म्हणाली.

"नाही."

"लिहा."

"सिस्टर, झालं नाही ते कशाला लिहायचं?"

"आमच्याकडे लिहितात. चुकीचं इंजेक्शन भरलं आणि द्यायच्या आधी लक्षात आलं, तरी लिहितात. तेच तर लिहायचं असतं." तिने पेन पुढे केलं. "तुमच्या हाताने."

ठेकेदाराने सिमेंटच्या गोणीवर कागद ठेवला. गोणी मऊ, पेन कागदाला भोक पाडत होतं. त्याचं अक्षर त्याच्या बायकोच्या अक्षराखाली फारच वाईट दिसत होतं, वाकडं, मोठं, शाळेत मार खाल्लेल्या पोराचं. त्याने लिहिलं, 'पाऊस आला नसता तर मी त्या फळ्यांशिवायच स्लॅब टाकला असता. टेकू रुतून खोली बसली असती, खाली काम करणारा माणूस दबला असता.' त्याने खाली सही केली आणि तारीख घातली.

सिस्टरने ते वाचलं. पत्राच्या चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवलं. मग फोन काढला.

"दादा, त्या माणसाला आज नको सांग. नाही, सगळं ठीक होतं असं काही नाही. काम हेच करतील. नाही, विश्वास वगैरे नाही रे. माझ्याकडे कागद आहे." ती ऐकत राहिली. "हो, चौघांनाही दाखवणार आहे हॉस्पिटलात. बघू दे त्यांना. त्यांचं ते ठरवतील."

तिने फोन बंद केला. ठेकेदार तिच्याकडे बघत होता. चार प्लॉट त्याच्या डोळ्यांपुढून हळूच निघून गेले आणि तो काही करू शकला नाही, कारण कागदावर सही त्याचीच होती.

"उद्या किती वाजता?" सिस्टरने विचारलं.

"इंजिनिअर साडेसहाला येतील. सातला पहिलं घमेलं."

"मी सहाला येते. खाली या खोलीत कोण असणार?"

"मी," ओळंबा म्हणाला.

"नाही," ठेकेदार म्हणाला. "उद्या खाली मी असतो."

ओळंब्याने त्याच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, हसू म्हणावं इतकं नव्हतं. "शेठ, तुम्हाला फट कुठली आणि सांधा कुठला हे कळणार नाही."

"मग दोघं राहू."

"दोघांना जागा नाही. टेकू पंधरा आहेत."

"जागा करू," ठेकेदार म्हणाला, आणि वाकून पहिल्या टेकूचा स्क्रू स्वतःच्या हाताने घट्ट आहे का ते बघू लागला.